पेटी आणि गळा, दोनच माईक: एका दोरीवरचं रेकॉर्डिंग

"आमच्या मंडळाचे बुवा स्वतःच पेटी वाजवून भजन म्हणतात. त्यांची आठ भजनं घरीच रेकॉर्ड करायची आहेत. माझ्याकडे दोन कार्डिऑइड कंडेन्सर माईक आणि दोन चॅनेलचा इंटरफेस आहे. गळ्याच्या माईकमध्ये पेटी एवढी शिरते की आवाज दबतो, आणि पेटीचा ट्रॅक वाढवला की बुवांचा गळा डब्यातून आल्यासारखा पोकळ होतो. पेटी आधी आणि गळा नंतर असं वेगवेगळं रेकॉर्ड करू का?"

वेगवेगळं करू नका. जो माणूस आयुष्यभर स्वतःच्या बोटांनी स्वतःच्या गळ्याची साथ करत आला आहे, त्याला नुसती पेटी वाजवायला सांगितली तर तो मनातल्या मनात गातो, आणि मनातल्या गाण्याची लय बाहेरच्या गाण्याशी जुळत नाही. नंतर कानाला हेडफोन लावून गायला बसवलं की प्रत्येक आलापाला पेटी अर्धा श्वास पुढे नाहीतर मागे पडते. भजनात बुवा एखाद्या शब्दावर थांबतात तेव्हा भातासुद्धा थांबतो. तो थांबा दोन ट्रॅकवर वेगवेगळा बसवता येत नाही. एकत्रच घ्या, आणि एकमेकांत शिरणारा आवाज कमी कसा होईल तेवढं बघा.

आधी गळा पोकळ का होतो ते समजून घ्या, कारण पुढची सगळी मांडणी त्यावरच उभी आहे. बुवांचा आवाज गळ्याच्या माईकपाशी आधी पोहोचतो आणि पेटीच्या माईकपाशी थोडा उशिरा. समजा, पेटीचा माईक ओठांपासून 25 सेंटिमीटर जास्त लांब आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 345 मीटर जातो, म्हणजे हा उशीर मिलिसेकंदाच्या पाऊण भागाएवढा. उशीर म्हणून तो कानाला कळत नाही. पण दोन्ही ट्रॅक एकत्र वाजले की साधारण 690 हर्ट्झपाशी एका माईकची लाट वर असते तेव्हा दुसऱ्याची खाली असते, आणि ती जागा पोखरली जाते. तसाच खड्डा पुन्हा 2000 हर्ट्झच्या थोडा वर पडतो, मग त्याहून वर. 'डब्यातून आल्यासारखं' म्हणता ते हेच. खड्डा किती खोल पडेल ते घुसलेला आवाज किती मोठा आहे त्यावर ठरतं. पेटीच्या माईकमधला गळा मुख्य गळ्यापेक्षा 6 डेसिबलनेच कमी असेल तर खड्डा 6 डेसिबलचा पडतो आणि कुणालाही ऐकू येतो. तोच 17 डेसिबलनं कमी असेल तर चढउतार जेमतेम सव्वा डेसिबलचा उरतो आणि गाण्यात विरून जातो. म्हणून गळती शून्यावर आणायच्या मागे लागू नका. ती शून्य होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. 15 ते 18 डेसिबलचं अंतर मिळालं की पुरे.

हे अंतर मिळवायची सुरुवात माईकपासून नाही, पेटीपासून होते. बहुतेक बुवांची पेटी डबल रीडची असते, खर्ज-नर किंवा नर-नर, आणि कार्यक्रमात ती पखवाज-झांजांच्या वर ऐकू यायला हवी म्हणून सगळ्या खुंट्या ओढून वाजवायची सवय असते. बंद खोलीत, माईकपुढे, त्या ताकदीची गरज नाही. बुवांना विनंती करा: "बुवा, आज नुसता नर ठेवून वाजवून बघाल का?" एक लाइन बंद केली की पेटी उतरते आणि गळा आपोआप मोकळा होतो. खर्ज हवाच असेल तर तो ठेवा आणि नर बंद करा. कपलर असेल तर बंद करा, ड्रोनच्या खुंट्या आत ढकला. वरचं झाकण उघडं ठेवून वाजवत असतील तर बंद करून वाजवून बघा. पेटीखाली सतरंजीची घडी घाला, म्हणजे फरशीवरून उसळणारा आवाज आणि भात्याचा ठोका दोन्ही मरतात. आणि बुवांच्या बैठकीखाली एक जाड घडी घालून त्यांना चार बोटं उंच बसवा. ओठ आणि पेटी यांच्यातलं अंतर जेवढं वाढेल तेवढं तुमचं काम हलकं होतं. फक्त कोपरं अवघडता कामा नयेत. बुवांनी पाच मिनिटं वाजवून "बरं वाटतंय" म्हटलं, तरच ती घडी राहू द्या.

आता माईक. माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त केली जाणारी चूक म्हणजे गळ्याचा माईक बूम स्टँडवरून वरून खाली, तोंडाकडे रोखून लावणं. दिसायला ते स्टुडिओसारखं दिसतं. पण बसलेल्या माणसाच्या ओठांच्या खाली, त्याच दिशेला, पेटी आहे. वरून खाली पाहणारा माईक ओठांइतकाच पेटीकडेही तोंड करून बसतो. कार्डिऑइड माईकची खरी ताकद त्याच्या पाठीत आहे. बरोबर पाठीमागून येणारा आवाज तो जवळजवळ घेतच नाही. बाजूनं, म्हणजे काटकोनातून येणारा आवाज मात्र फक्त 6 डेसिबलनं कमी करतो. म्हणजे पेटी माईकच्या बाजूला ठेवून भागत नाही, ती नेमकी पाठीमागे यायला हवी.

यासाठी मी दोरी वापरतो. बुवा गाण्याच्या पवित्र्यात बसले की एक साधी सुतळी घ्या. एक टोक त्यांच्या ओठांसमोर धरा, दुसरं पेटीच्या वरच्या जाळीवर, जिथे उजवा हात जास्त फिरतो त्या पट्ट्यांच्या समोर. पट्ट्या दाबल्या की हवा स्वरांतून वर येते आणि आवाजाचा मोठा भाग तिथूनच बाहेर पडतो. दोरी तिरकी ताणली जाईल, आणि बैठक उंच केलेली असेल तर साधारण 65 सेंटिमीटर भरेल. दोन्ही माईक याच दोरीवर बसवायचे, एकमेकांकडे पाठ करून. वरचा माईक ओठांपासून 18 सेंटिमीटरवर, तोंड वर ओठांकडे, पाठ पेटीकडे. खालचा माईक जाळीपासून 22 सेंटिमीटरवर, तोंड खाली जाळीकडे, पाठ ओठांकडे. दोघांच्या मध्ये 25 सेंटिमीटर उरतात. अंतर आणि पाठ दोन्ही एकाच वेळी तुमच्या बाजूनं काम करतात, म्हणून ही मांडणी मला इतर कुठल्याही युक्तीपेक्षा भरवशाची वाटते.

बसवताना माईकचं तोंड नक्की कुठे आहे ते तपासा. पेन्सिलसारख्या बारीक माईकचं तोंड टोकाला असतं. जाड, मोठ्या जाळीचा माईक मात्र कुशीतून ऐकतो, बहुतेक वेळा कंपनीचं चिन्ह असलेल्या बाजूनं. तो टोकानं ओठांकडे रोखला तर पाठ-पोट सगळंच चुकतं, आणि दिवसभर गळती का कमी होत नाही ते कळत नाही. दोन्ही स्टँड बुवांच्या उजव्या बाजूनं आणा, कारण डावा हात भात्यावर असतो. पेटीचा माईक पट्ट्यांच्या थोडा पुढे, भात्याच्या बाजूला राहील असं बघा, म्हणजे बुवांना पट्ट्या दिसतात. तो भात्याच्या पलीकडे मात्र नेऊ नका. तिथे सुरापेक्षा भात्याची कुरकुर आणि हवेचा फुसफुसाट जास्त मिळतो.

माईक ओठांच्या खाली ठेवल्यामुळे आवाज जरा छातीतला, जड येतो आणि 'स', 'च' यांची धार कमी होते. पण बुवा पट्ट्यांकडे बघून गातात, मान आपोआप खाली झुकते आणि ओठ माईकच्या समोर येतात. त्यामुळे नुकसान वाटतं तेवढं नसतं. नाकातला श्वास मात्र थेट खाली येतो, आणि 'विठ्ठल', 'भक्ती', 'फुले' अशा शब्दांतली हवा माईकवर आदळते. जाळीचा पॉप फिल्टर लावा आणि माईक दोरीपासून दोन बोटं उजवीकडे सरकवा. एवढ्यानं पाठ बिघडत नाही.

पेटीच्या माईकची एक वेगळी परीक्षा घ्या. बुवांना मध्य सा पासून तार सा पर्यंत एकेक स्वर सारख्या दाबानं लांब धरायला सांगा आणि मीटर पाहा. दोन शेजारच्या स्वरांत 3-4 डेसिबलपेक्षा जास्त उडी दिसली तर माईक जाळीच्या फार जवळ आहे. दोन-तीन सेंटिमीटर वर घ्या. जवळ नेलं की गळती कमी होते म्हणून लोक माईक पेटीला चिकटवतात, आणि मग एखादा पंचमच बोंबलत राहतो.

मागच्या श्रावणात कुडाळजवळच्या एका गावात मी हेच काम केलं. बुवा काळी एकमध्ये गाणारे, डबलबारीत उभं आयुष्य गेलेलं, आवाज दमदार पण वयानं थोडा कोरडा पडलेला. घर कौलारू, रेकॉर्डिंग माजघरात. आधीच्या दिवशी त्यांच्या पुतण्यानं वरून बूम लावून एक अभंग घेऊन ठेवला होता, तो ऐकून बुवा नाराज होते. त्यांचं म्हणणं एकच: "आवाज माझो नाय वाटत." मी मांडणी न हलवता आधी मोजलं. बुवांना पेटीला हात न लावता मुखडा म्हणायला सांगितला: गळ्याच्या ट्रॅकवर सरासरी उणे 18 डेसिबल, पेटीच्या ट्रॅकवर उणे 25. मग त्याच मुखड्याची नुसती पेटी: पेटीच्या ट्रॅकवर उणे 18, गळ्याच्या ट्रॅकवर उणे 24. म्हणजे एकीकडे 7 आणि दुसरीकडे 6 डेसिबलचं अंतर. पुतण्याला वाटत होतं की माईक स्वस्तातले असल्यानं असं होतंय. माईक चांगले होते.

मग दुसरा नर बंद केला, बैठकीखाली गोधडीची घडी घातली, दोरी ताणली, दोन्ही माईक पाठीला पाठ लावून बसवले आणि पुन्हा तीच दोन मोजमापं घेतली. दोन्ही फेडर आणि गेन असे ठेवले की ज्याचा त्याचा आवाज ज्याच्या त्याच्या ट्रॅकवर पुन्हा उणे 18 दाखवेल, नाहीतर तुलनाच खोटी ठरते. आता पेटीच्या ट्रॅकवर गळा उणे 35 आणि गळ्याच्या ट्रॅकवर पेटी उणे 33. अंतर 17 आणि 15. मूळ माईक तेच, खोली तीच.

तिथे एक अडचण राहिलीच होती. बुवा ताना घेताना पेटीवर झुकत, अर्धी वीत पुढे येत, आणि तेवढ्यापुरता आवाज एकदम फुगे. त्यांना "हलू नका" सांगणं मला पटत नाही, त्यानं गाणं आखडतं. मी त्यांना पूर्ण अभंग एकदा माईक बाजूला करून म्हणायला लावला आणि ते झुकून कुठपर्यंत येतात ते पाहिलं. वरचा माईक त्या झुकलेल्या जागेपासून 12 सेंटिमीटरवर येईल असा मागे घेतला. सरळ बसल्यावर अंतर थोडं वाढलं, तिथे दोन डेसिबलची गळती वाढली, पण गाणं मोकळं राहिलं. कौलारू छपराचा फायदाही झाला. वर पाहणाऱ्या माईकला स्लॅबचा सपाट परतावा नव्हता. तुमच्या फ्लॅटमध्ये छत खाली असेल तर बुवांच्या डोक्यावर, पंख्याच्या हुकाला किंवा दोन कपाटांमध्ये दोरी बांधून जाड गोधडी टांगा. पंखा अर्थात बंद. कौलांवर पाऊस वाजायला लागला की आम्ही थांबायचो, चहा प्यायचो. त्याला इलाज नाही.

तुमच्याकडे कुणाचा आठाकृती पॅटर्नचा माईक मागून मिळत असेल तर गळ्याला तो वापरा, मांडणी वेगळी होते. हा माईक पुढून आणि मागून ऐकतो, पण त्याच्या कडेनं, वर-खाली-डावीकडे-उजवीकडे, तो अगदी बहिरा असतो. म्हणून तो ओठांच्या समोर आडवा, जमिनीला समांतर पाहणारा ठेवायचा आणि पेटी त्याच्या बरोबर खाली येईल असं करायचं. आवाज खालून वर रोखलेल्या माईकपेक्षा नैसर्गिक येतो आणि छताचाही त्रास होत नाही. पण त्याची मागची बाजू पुढची अख्खी खोली ऐकते, तेव्हा तिथे मीटरभरावर गोधडी टांगायला हवी. सुपरकार्डिऑइड डायनॅमिक असेल तर त्याचा बहिरेपणा पाठीत नसून पाठीच्या दोन्ही बाजूंना तिरका असतो. तो ओठांकडे साधारण 35 अंश वर रोखला की बरोबर खाली असलेली पेटी त्या जागेत येते.

रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी शेवटची तपासणी कानांनी करा. दोन्ही ट्रॅक मधोमध, मोनोमध्ये. बुवांना पेटीशिवाय सा लांब धरायला सांगा, गळ्याचा फेडर वर ठेवा आणि पेटीचा फेडर खालून हळूहळू वाढवा. गळा भरत गेला किंवा तसाच राहिला तर ठीक. पातळ होऊ लागला तर पेटीच्या चॅनेलवरचं, लाट उलटी करणारं Ø चिन्ह दाबून पुन्हा ऐका आणि ज्या स्थितीत गळा भरदार लागतो ती ठेवा. दोन्ही स्थितींत पातळच वाटत असेल तर खालचा माईक अजून लांब जायला हवा किंवा त्याची पाठ फिरली आहे. ट्रॅक पुढे-मागे सरकवून हे दुरुस्त करायच्या मोहात पडू नका. पेटीचा ट्रॅक उशिरा करून दोन्ही माईकमधली पेटी जुळवली तर त्याच ट्रॅकमधला गळा, जो आधीच उशिरा आहे, आणखी उशिरा होतो. दोन आवाज उलट दिशांनी येत असताना एकाला जुळवलं की दुसरा बिघडतो.

मिक्समध्ये गळ्यावर गेट लावू नका. बुवा गप्प झाले की गेट बंद होतो, त्याबरोबर त्या माईकमधली पेटीही जाते, आणि ऐकणाऱ्याला पेटीचा रंग दर ओळीला बदलताना ऐकू येतो. कंप्रेसरही हलकाच ठेवा, मोठ्या जागी 3 डेसिबलपर्यंत दाबणारा. त्याहून जास्त दाबला की ओळींच्या मधली पेटी वर उसळते. त्यापेक्षा मधल्या वाजवण्याच्या जागी गळ्याचा फेडर हातानं 3-4 डेसिबल खाली आणा आणि ओळ सुरू व्हायच्या श्वासाआधी परत वर न्या. रिव्हर्ब गळ्याच्या ट्रॅकवरूनच द्याल, त्यात पेटीही थोडी भिजेल. तेवढी चालते, दोघं एकाच देवळात बसल्यासारखी वाटतात.

एक मर्यादा बुवांना आधीच सांगून ठेवा. गळ्याच्या ट्रॅकमध्ये पेटी आहे, म्हणून सूर नंतर सॉफ्टवेअरनं ओढून सरळ करता येणार नाही. गळा ओढला की त्यातली पेटीही ओढली जाते आणि दुसऱ्या ट्रॅकमधल्या पेटीशी भांडते. म्हणून प्रत्येक अभंगाचे तीन टेक घ्या, आणि एखादा अंतरा बिघडला तर तो अंतरा आधीच्या ओळीपासून पुन्हा म्हणवून घ्या. जोड देताना दोन्ही ट्रॅक एकाच जागी एकत्र कापा. बुवा श्वास घेतात आणि पेटीचा स्वर बदलतो ती जागा सगळ्यात सुरक्षित. धरलेल्या स्वराच्या मध्ये कापलंत तर भात्याचा दाब दोन टेकमध्ये सारखा नसतो आणि जोड कळतो. टेकांच्या मध्ये खुंट्यांना आणि बैठकीला हात लावू देऊ नका.

पखवाज, झांज आणि कोरस नंतर चढवा, तिथे वेगळं रेकॉर्डिंग बिनधास्त चालतं. त्यासाठी लय धरून राहायला हवी, म्हणून बुवांच्या एका कानात इअरफोन घालून मोबाईलवरचा ठेका अगदी हळू वाजवा. कानात घट्ट बसणारा इअरफोन घ्या, नाहीतर तो ठेका वरच्या माईकमध्ये शिरतो आणि आलापात टिकटिक ऐकू येते. कोरसला दोन्ही माईक मोकळे होतात. चारजणांना अर्धवर्तुळात बसवा, एकच माईक मधोमध मीटरभरावर ठेवा, आणि झांज वाजवणाऱ्याला मात्र सगळ्यात मागे, दाराशी बसवा.